बेस्ट बिफोर तारीख कशी ठरवायची: ओट्स-शेंगदाणा बिस्किटांच्या उदाहरणातून

बाजारातल्या तत्सम पाकिटावर सहा महिने छापलेले दिसतात, म्हणून आपल्याही पाकिटावर सहा महिने छापायचे, ही पद्धत घातक आहे. त्यांचे तेल वेगळे असते, पाऊचची फिल्म वेगळी असते, कदाचित पाकिटात नायट्रोजनही भरलेला असतो. त्यांची तारीख त्यांच्या मालाची असते. आपल्या मालाची तारीख आपल्यालाच शोधावी लागते, आणि कोरड्या खाऊच्या बाबतीत ती साध्या साधनांनी बऱ्यापैकी नेमकी शोधता येते. एक अचूक वजनकाटा, मीठ, झाकणाचा डबा, एक उबदार कपाट, फ्रीझर, थर्मामीटर आणि चाखायला डझनभर माणसे एवढे पुरते; एक आकडा तेवढा प्रयोगशाळेतून काढून घ्यावा लागतो.

मी इथे एकच पदार्थ घेतो आहे: ओट्स, शेंगदाणे, साखर आणि तेल यांची कुरकुरीत बिस्किटे, १०० ग्रॅमच्या पाऊचमध्ये. क्रॅकर, भाजलेले दाणे, चिप्स अशा कोणत्याही कोरड्या, तेलकट, कुरकुरीत मालाला हीच रीत लागू पडते.

आधी एक अट

पदार्थ कशामुळे संपतो, हे पहिल्यांदा ठरवा. जंतू वाढून संपणारा पदार्थ आणि चव किंवा कुरकुरीतपणा जाऊन संपणारा पदार्थ यांची तपासणी पूर्णपणे वेगळी असते. हे ठरवणारा आकडा म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा त्यातले किती पाणी जंतूंना वापरता येण्यासारखे मोकळे आहे, हे तो सांगतो. शुद्ध पाण्याचा आकडा १ असतो. ०.८५ च्या खाली अन्नातून रोग पसरवणारे जंतू वाढू शकत नाहीत, आणि ०.६ च्या खाली बुरशी किंवा यीस्टही वाढत नाही. हा आकडा घरी अंदाजाने काढू नका. एक नमुना प्रयोगशाळेत पाठवा. चाचणी साधी आहे आणि निकाल लवकर मिळतो.

नीट भाजलेल्या बिस्किटांचा आकडा साधारणपणे ०.३ च्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. आपला आकडा ०.६ च्या बराच खाली असेल तरच पुढे वाचलेले तुमच्या कामाचे. तुमचा माल ओलसर असेल, फ्रिजमध्ये ठेवावा लागत असेल, बाटलीत किंवा डब्यात हवाबंद केलेला असेल, तर चाखून तारीख ठरवण्याच्या वाटेला अजिबात जाऊ नका. घातक जंतू वाढलेला पदार्थ रंगाने, वासाने, चवीने अगदी ताजा असू शकतो. तिथे पीएच, जंतूंची मोजणी आणि जाणकार प्रयोगशाळा यांना पर्याय नाही.

कोरड्या मालाबद्दलही एक गोष्ट मनात पक्की असू द्या. साल्मोनेला हा आजार पसरवणारा जंतू कोरड्या पदार्थात वाढत नाही, पण लवकर मरतही नाही. शेंगदाण्यातून आलेला किंवा भाजल्यानंतर हाताळताना शिरलेला हा जंतू पाकिटात महिनोन्‌महिने जिवंत राहतो. दाण्यातले बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, तेही भाजून पुरते जात नाही. दाण्यांची निवड, पुरेसे भाजणे आणि भाजलेल्या मालाला कच्च्या मालापासून दूर ठेवणे ही कामे तारखेच्या आधीची आहेत. तारीख कितीही जवळची छापली तरी ती दूषित माल सुरक्षित करत नाही.

आता आपली बिस्किटे. ती दोन प्रकारे संपतात. हवेतला दमटपणा आत शिरून ती सादळतात, किंवा तेल आणि दाणे हवेतल्या ऑक्सिजनमुळे खवट होतात. दोन्ही शर्यती एकाच वेळी सुरू असतात आणि जी आधी संपते ती तारीख ठरवते. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या.

सादळण्याची मर्यादा

पहिला प्रश्न असा: बिस्किटाने किती पाणी शोषले की ते कुरकुरीत राहत नाही?

एका पसरट ताटलीत साधे मीठ घ्या आणि त्यात ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घाला. न विरघळलेले मीठ शेवटपर्यंत दिसत राहिले पाहिजे. ही ताटली घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवली की आतल्या हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर होते. खोलीचे तापमान थोडे वरखाली झाले तरी मिठाच्या बाबतीत हा आकडा फारसा हलत नाही, म्हणून ही जुनी युक्ती इतकी भरवशाची आहे.

ताटलीच्या वर जाळी ठेवून त्यावर उघडी बिस्किटे पसरा. मिठाला ती लागता कामा नयेत. आधी त्यांचे वजन करून पाच गट पाडा. एक गट वजनाच्या १ टक्का पाणी शोषून घेईल तेव्हा काढायचा, दुसरा दीड टक्क्याला, मग २, अडीच आणि ३ टक्क्यांना. सुरुवातीला तासातासाने वजन करा, कारण वेग किती असेल हे आधी सांगता येत नाही. काढलेला गट लगेच चाखू नका. पाणी आधी कडेला शिरते आणि गाभा कोरडाच असतो. प्रत्येक गट वेगळ्या, काठोकाठ भरलेल्या बरणीत बंद करून एक-दोन दिवस ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते.

मग बरण्यांवर नुसते सांकेतिक आकडे घालून चाखणाऱ्यांपुढे ठेवा आणि सोबत ताजे बिस्किटही द्या. विचारायचे एवढेच: हे कुरकुरीत आहे का? समजा, दीड टक्क्याचे बिस्किट सगळ्यांना चालले, २ टक्क्यांच्या बाबतीत अर्धे लोक कुरकुरले आणि अडीच टक्क्यांचे सगळ्यांनी बाजूला सारले. तर मर्यादा दीड टक्का धरायची. १०० ग्रॅमच्या पाऊचला म्हणजे दीड ग्रॅम पाणी. सगळ्यांना चालले ती शेवटची पायरी घ्यायची. २ टक्क्यांना निम्म्यांनी खाल्ले म्हणून ती मर्यादा ओढून घेण्याचा मोह टाळा, कारण उरलेले निम्मे तुमचे गिऱ्हाईकच असणार आहेत.

पाऊच किती पाणी आत घेतो

आता भरलेले, सील केलेले पाऊच त्याच मिठाच्या डब्यात ठेवायचे. किमान दहा तरी घ्या. प्रत्येकावर क्रमांक लिहा आणि आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन करा. दर वेळी आधी एक ठरावीक वजन ठेवून काटा बरोबर आहे का ते पाहा. इथे फरक शतांश ग्रॅमचे असतात, त्यामुळे काटा थोडा जरी सरकला तरी सगळा हिशेब बिघडतो. सोबत एक रिकामा सील केलेला पाऊच, त्याच लेबलसह, ठेवा. कागदी लेबल स्वतःच ओल धरते आणि ती वाढ बिस्किटांच्या नावावर लागते. रिकाम्या पाऊचच्या वजनात झालेली वाढ बाकीच्यांतून वजा करायची.

आठ आठवड्यांनी आपल्या उदाहरणात असे चित्र आहे: नऊ पाऊचचे वजन ०.४८ ते ०.५६ ग्रॅमनी वाढले आणि दहाव्याचे १.३ ग्रॅमनी. नऊपैकी सगळ्यात वाईट पाऊच आठवड्याला ०.०७ ग्रॅम घेतो. दीड ग्रॅमला ०.०७ ने भागले की २१ आठवडे येतात. आत ओल वाढत जाते तसा पाणी शिरण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे सरळ भागाकाराने आलेला आकडा थोडा सावधच असतो. सरासरी घेतली नाही, कारण गिऱ्हाईक सरासरी पाऊच विकत घेत नाही.

दहाव्या पाऊचचे काय? त्याचा वेग तसाच राहिला तर तो नवव्या आठवड्याच्या सुमारास सादळेल. तो अपवाद म्हणून यादीतून काढून टाकणे ही या कामातली सगळ्यात महागडी चूक ठरते. तो पाण्याच्या बादलीत बुडवून हळू दाबा आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहा. बहुतेक वेळा सीलच्या पट्टीत बिस्किटाचा चुरा किंवा तेलाचा डाग अडकलेला सापडतो, नाहीतर पाऊचच्या घडीच्या कोपऱ्यात सील नीट बसलेले नसते. दहात एक गळका पाऊच असेल तर दोष फिल्मचा नाही, सीलिंगचा आहे. तो आधी दुरुस्त करा: भरताना चुरा वर उडू नये म्हणून नळकांडे वापरा, सीलच्या पट्ट्या पुसा, तापमान आणि दाब पुन्हा लावून घ्या. मग नव्या दहा पाऊचवर हीच चाचणी पुन्हा घ्या. गळती सुटल्याशिवाय कोणत्याही तारखेला अर्थ नाही.

खवटपणा

सादळण्याची शर्यत काट्यावर दिसते. खवटपणा मात्र नाकाला आणि जिभेलाच कळतो, म्हणून इथे शिस्त जास्त लागते.

प्रत्यक्ष दुकानातल्या तापमानाला सगळी वाट पाहायची तर महिने जातात. म्हणून काही पाऊच ३५ अंशांच्या उबदार कपाटात ठेवायचे. तेल खवट होण्यासारख्या क्रिया तापमान १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट वेगाने होतात, काही वेळा त्याहूनही जास्त. आपण दुप्पटच धरायचे. तिप्पट धरले तर कागदावर आयुष्य लांबते आणि चूक गिऱ्हाइकाच्या अंगावर जाते. ४० च्या फार वर जाऊ नका. तिथे चरबी वितळून बाहेर येते, साखर आणि दाण्यांत वेगळ्याच क्रिया सुरू होतात, आणि जे प्रत्यक्ष दुकानात कधी घडणारच नाही ते आपण मोजत बसतो. चॉकलेटचा थर असलेल्या मालाला ही युक्ती लावूच नये.

तुलनेसाठी ताजा माल लागतो, आणि तो शेवटपर्यंत ताजा राहिला पाहिजे. त्याच दिवशीच्या, त्याच बॅचचे पाऊच उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. चाखण्याच्या दिवशी ते न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार पाऊच उघडला की बिस्किटांवर दव धरते आणि तुमचा ‘ताजा’ नमुनाच सादळतो.

दर दोन आठवड्यांनी त्रिकोणी चाचणी घ्यायची. प्रत्येकासमोर तीन बिस्किटे ठेवा: दोन एका प्रकारची, एक वेगळी. कधी दोन ताजी आणि एक उबदार कपाटातले, कधी उलटे, आणि मांडणीचा क्रम प्रत्येकासाठी बदललेला. वेगळे कोणते ते त्याने ओळखायचे. ओळखता आले नाही तरी अंदाज सांगायचाच. नुसत्या नशिबाने तिघांपैकी एक जण बरोबर येतो, म्हणून बारा जणांत चार बरोबर उत्तरे म्हणजे फरक दिसला असे म्हणता येत नाही. बारापैकी आठ किंवा जास्त जणांनी ओळखले तर फरक खरा आहे असे मानतात. बरोबर ओळखणाऱ्यांना मगच विचारा की फरक कसला आहे. आधी ‘खवट’ हा शब्द उच्चारला की सगळ्यांना खवट लागू लागते. चाखणाऱ्यांत माल बनवणारी माणसे नसलेली बरी, आणि ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांना बसवायचेच नाही.

आपल्या उदाहरणात ३५ अंशांवर सहाव्या आठवड्याला चार जणांनी ओळखले, आठव्याला पाच जणांनी, दहाव्याला नऊ जणांनी. त्या नवांपैकी बहुतेकांनी जुन्या तेलाचा वास सांगितला. म्हणजे बिघाड आठ आणि दहा आठवड्यांच्या मध्ये कुठेतरी झाला. धरायचे आठ, कारण माल चांगला असल्याचे शेवटचे पाहिले ते तेव्हा.

३५ अंशांवरचे आठ आठवडे म्हणजे २५ अंशांवर सोळा. इथेच पुष्कळ जण थांबतात आणि चुकतात. तुमचा माल खरोखर २५ अंशांवर विकला जातो का? गोदामाचा पत्रा, बंद टेंपो, दुकानातली खिडकीजवळची फळी इथे एक छोटा थर्मामीटर काही दिवस ठेवून पाहा. सर्वसाधारण तापमान ३० निघाले तर फरक फक्त पाच अंशांचा उरतो. दहा अंशांना दुप्पट, तर पाच अंशांना सुमारे १.४ पट. आठ गुणिले १.४ म्हणजे ११ आठवडे. एका थर्मामीटरने सोळाचे अकरा केले.

पारदर्शक पाऊच असेल तर आणखी एक संच नेहमीच्या दिव्याखाली उजेडात ठेवा. उजेडाने तेल फार लवकर बिघडते, आणि अंधाऱ्या कपाटातली चाचणी ते दाखवत नाही. प्रयोगशाळेतून पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल किती बिघडले ते दाखवणारा आकडा, काढून घेतली तर ती दर टप्प्याला काढा. हा आकडा आधी चढतो आणि तेल फारच बिघडले की पुन्हा उतरतो, त्यामुळे एकटा कमी आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही.

आकड्यांवरून तारीख

सादळण्याला २१ आठवडे, खवट होण्याला ११. छोटा आकडा जिंकतो: ११. आता यातून काही भाग सोडून द्यायचा. आपण एका बॅचवर, स्थिर तापमानात, ओल आणि उष्णता वेगवेगळ्या ठेवून मोजले. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र येतात, आणि दाण्याचे पुढचे पोते थोडे जुने असू शकते. मी पहिल्या छपाईसाठी निदान चौथा भाग सोडतो. ११ मधून चौथा भाग गेला की ८ आठवडे, म्हणजे ५६ दिवस उरतात.

ही तात्पुरती तारीख आहे. याच दरम्यान वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या तीन बॅच, शक्यतो दाण्याच्या वेगवेगळ्या पोत्यांतून, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या असाव्यात. त्यांच्या चाचण्या सुरुवातीला महिन्याने आणि आठव्या आठवड्यानंतर दर पंधरवड्याला घ्या. माल खराब झाल्याचे स्पष्ट दिसेपर्यंत चाखत राहा. शेवट न पाहता थांबलेल्या चाचणीतून तारीख किती पुढे नेता येईल हे कळत नाही. सुरुवातीलाच पाऊच मोजून बाजूला काढा. शेवटच्या, सगळ्यात महत्त्वाच्या टप्प्याला नमुने संपणे ही नेहमीची रड आहे. तिन्ही बॅचनी साथ दिली, तर त्यांतल्या सगळ्यात कमकुवत बॅचवरून तारीख वाढवता येते.

छापताना

दिवस भाजल्यापासून मोजायचे, पॅकिंगपासून नाही. ३ मार्चला भाजलेली बिस्किटे ५ मार्चला भरली तरी ५६ दिवस ३ मार्चपासूनच धरायचे, म्हणजे २८ एप्रिल. दोन दिवस उघड्या टोपात पडलेला माल तेवढा जुना झालेला असतोच.

गुणवत्तेसाठी ‘बेस्ट बिफोर’ आणि सुरक्षिततेसाठी ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ असा भेद कोडेक्स या अन्नाची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लेबल मानकात आहे. आपली बिस्किटे पहिल्या गटातली. पण कोणते शब्द छापणे सक्तीचे आहे हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो, तेव्हा आपल्या देशाचा नियम वाचूनच शब्द निवडा. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या मालावर दिवस आणि महिना, त्याहून जास्त टिकणाऱ्यावर महिना आणि वर्ष, असे कोडेक्स सांगते. मी दिवस, महिना आणि वर्ष तिन्ही छापण्याच्या बाजूचा आहे, आणि महिना अक्षरांत. ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल, हा गोंधळ तरी टळतो. नुसता महिना छापायचा झाला तर तो त्या महिन्याच्या अखेरपर्यंत धरला जातो, हे विसरू नका. आयुष्य १० तारखेला संपत असेल तर आधीचा महिना छापायचा, नाहीतर वीस दिवस फुकट वाढतात.

तारखेशेजारी बॅच क्रमांक आणि साठवणीची अट हवी: ‘थंड, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा’. चाचणी ज्या परिस्थितीत झाली तिच्याशी ही अट जुळली पाहिजे. ‘उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा’ हेही लिहा, कारण तारीख बंद पाऊचची आहे. छपाई सीलच्या पट्टीवर नको, तिथे ती सुरकुतते. छापलेली तारीख तेलकट अंगठ्याने आणि ओल्या फडक्याने घासून पाहा. पुसली गेली तर शाई बदला.

प्रत्येक बॅचचे तीन-चार पाऊच तारखेच्या पुढे काही आठवडे जपून ठेवा आणि तारखेच्या दिवशी एक उघडा. तो सादळलेला किंवा खवट निघाला तर त्याच बॅचचे बाकीचे पाऊच लगेच तपासा, बाजारातला उरलेला माल परत मागवा आणि कारण सापडेपर्यंत पुढच्या छपाईची मुदत कमी करा. तेल, दाण्याचा पुरवठादार, पाऊचची फिल्म, पाकिटाचे वजन किंवा सीलिंग मशीन यांपैकी काहीही बदलले तर जुनी तारीख आपोआप लागू होत नाही. २०० ग्रॅमचे नवे पाकीट काढले तर मिठाचा डबा पुन्हा मांडावा लागतो, कारण पाऊचचे क्षेत्रफळ आणि आतला माल यांचे प्रमाणच बदललेले असते.